पूल कॅम्पसची नोटीस ओळीओळीने वाचा : पात्रता, कागदपत्रे, रिपोर्टिंग आणि पोशाख

अंतिम वर्ष लागलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर प्लेसमेंट सेलच्या नोटिसा पडायला लागतात. बहुतेक जण त्यातला पॅकेजचा आकडा बघतात, लिंक उघडतात आणि फॉर्म भरून मोकळे होतात. खालच्या बारीक ओळी तशाच राहतात. पण ड्राइव्हच्या दिवशी दारातून परत पाठवतात ते याच ओळींवरून, आणि तेव्हा ॲप्टिट्यूडची तयारी कितीही झाली असली तरी तिचा उपयोग नसतो. म्हणून इथे मुलाखतीच्या तयारीबद्दल काही नाही. फक्त एक नोटीस घेऊ आणि ती कशी वाचायची, त्याप्रमाणे आदल्या आठवड्यात काय करायचं, ते बघू.

नमुना म्हणून पूल कॅम्पसची नोटीस घेतली आहे, कारण नवख्यांची सर्वात जास्त धांदल तिथेच होते. पूल म्हणजे ड्राइव्ह एका कॉलेजात आणि उमेदवार अनेक कॉलेजांचे. तिथले सर तुम्हाला ओळखत नाहीत, वॉचमन ओळखत नाही, आणि हातातला कागद हीच तुमची ओळख.

नमुना नोटीस

> पूल कॅम्पस ड्राइव्ह, अंतिम वर्ष, कॉम्प्युटर / आयटी / इलेक्ट्रॉनिक्स / इलेक्ट्रिकल.
> पात्रता : दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी, सर्वत्र किमान ६० टक्के. चालू बॅकलॉग नसावा. शिक्षणात एका वर्षापेक्षा जास्त खंड नसावा.
> नोंदणी : कॉलेजचा फॉर्म आणि कंपनीची लिंक, दोन्ही अनिवार्य.
> रिपोर्टिंग : सकाळी ८:३०, सभागृह, हिंगणा रोड. उशिरा आलेल्यांना प्रवेश नाही.
> फेऱ्या : कंपनीची माहिती, ॲप्टिट्यूड, टेक्निकल मुलाखत, एचआर मुलाखत. त्याच दिवशी.
> सोबत : रेझ्युमे ३ प्रती, फोटो ४, सर्व मूळ गुणपत्रिका व झेरॉक्सचा एक संच, आधार, पॅन, कॉलेज ओळखपत्र.
> पोशाख : फॉर्मल.

आता समजा, ही नोटीस वाचणारी विद्यार्थिनी कामठीला राहते. तिने दहावीनंतर डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पदवीचा सीजीपीए ६.९ आहे. तिच्या बाजूने एकेक ओळ घेऊ.

## १. पात्रतेची ओळ : टक्के कुठून काढायचे

सर्वात जास्त घोळ इथे होतो, आणि तो निवड झाल्यानंतर कागदपत्रांच्या पडताळणीत उघडा पडतो.

नोटिशीत टक्के मागितले आहेत, पण हातात सीजीपीए आहे. पुष्कळ जण सरळ दहाने गुणतात, म्हणजे ६.९ चे ६९. काहींना ९.५ ने गुणायची सवय असते. सीबीएसईच्या जुन्या ग्रेड पद्धतीत दहावीसाठी तो गुणक होता, पण अभियांत्रिकीच्या पदवीला तो लावता येत नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के आणि ७.२५ ला ६५ टक्के धरले आहेत. म्हणजे सूत्र असं होतं :

```
टक्के = (सीजीपीए − ०.७५) × १०
```

या हिशेबाने ६.९ चे ६१.५ टक्के होतात. ही विद्यार्थिनी पात्र आहे, पण तिने ६९ लिहिले तर पडताळणीच्या वेळी साडेसात टक्क्यांचा फरक निघेल आणि तो खोटी माहिती म्हणून नोंदला जाऊ शकतो. तिच्या बाकावरच्या ६.६ वाल्या मैत्रिणीचं गणित आणखी नाजूक आहे. दहाने गुणले तर ६६, सूत्राने ५८.५, म्हणजे अपात्र. अशा वेळी आकडा फुगवून फॉर्म भरू नका. टीपीओ सरांना किंवा मॅडमना विचारा की कंपनी ६.० सीजीपीए धरते की ६० टक्के. अनेक कंपन्या दोन्ही पर्याय देतात, फक्त नोटिशीत ते संक्षेपात येतं.

एक गोष्ट नक्की करा. तुमच्या गुणपत्रिकेच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात रूपांतराचं जे सूत्र दिलं असेल, तेच वापरा. नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, स्वायत्त कॉलेज आणि अभिमत विद्यापीठ यांची सूत्रं एकच असतील असं धरून चालू नका. दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही. सूत्र छापलेलं कुठेच सापडत नसेल तर परीक्षा विभागातून रूपांतराचं पत्र घ्या आणि फाईलला लावा.

दहावी-बारावीचे टक्केही गुणपत्रिकेवरून घ्या, आठवणीवरून नको. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर उत्कृष्ट पाच विषयांनुसार टक्के छापलेले असतात, तेच लिहा. बारावीला मात्र सवयीने पीसीएमचे टक्के लिहिले जातात, कारण प्रवेशाच्या वेळी तेच बोलले जायचे. नोटिशीतले ६० टक्के सर्व विषयांच्या बेरजेवर असतात. पीसीएम ६२ आणि एकूण ५८ असेल तर तुम्ही या ड्राइव्हला पात्र नाही.

डिप्लोमावाल्यांनी अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेवर छापलेले टक्के घ्यावेत. कंपनीच्या फॉर्ममध्ये पदवीचं पहिलं आणि दुसरं सेमिस्टर विचारलं तर तिथे शून्य भरू नका. शून्य भरलं की संगणक सरासरी खाली ओढतो आणि नाव आपोआप गळतं. "लागू नाही" असा पर्याय नसेल तर फॉर्म तिथेच थांबवा आणि प्लेसमेंट सेलला स्क्रीनशॉट पाठवा.

चालू बॅकलॉगबद्दल एवढंच : रिव्हॅल्युएशनचा अर्ज केला म्हणजे विषय सुटला असं होत नाही. नवीन निकाल हातात येईपर्यंत तो विषय चालू बॅकलॉगच आहे. मागे राहिलेले आणि नंतर सुटलेले विषय वेगळे. "चालू" असा शब्द असेल तर ते अडत नाहीत, "एकही बॅकलॉग कधीच नसावा" असं लिहिलं असेल तर अडतात.

## २. नोंदणी : एक फॉर्म नाही, दोन

कॉलेजचा फॉर्म भरला की हजेरीच्या यादीत नाव येतं. कंपनीची लिंक भरली की उमेदवार क्रमांक मिळतो, आणि ॲप्टिट्यूडच्या स्क्रीनवर तोच लागतो. एकच फॉर्म भरलेला विद्यार्थी सभागृहात बसतो, पण लॅबमध्ये लॉगिन करू शकत नाही. त्या वेळी लिंक बंद झालेली असते आणि कोऑर्डिनेटर काही करू शकत नाही. उमेदवार क्रमांकाचा मेल आला की त्याची प्रिंट काढा. मोबाइल लॅबच्या बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे स्क्रीनशॉट ऐनवेळी हाताशी नसतो.

ईमेल स्वतःचा, वर्षानुवर्षं चालणारा द्या. कॉलेजने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद पडू शकतो, आणि ऑफर ते जॉइनिंग यात महिने जातात.

नाव भरताना थांबा. आपल्याकडे राज्य मंडळाच्या आणि डिप्लोमाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी असतं. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं असतं, कुठे स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं. फॉर्ममध्ये "पहिलं नाव" या रकान्यात गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द उतरवला की आडनाव नाव होऊन बसतं. कंपनीच्या फॉर्मला पहिलं नाव म्हणजे तुमचं स्वतःचं नाव, आणि शेवटचं म्हणजे आडनाव. सर्व कागदांपैकी पॅन आणि आधार आधी एकसारखे करून घ्या, कारण पगार, पीएफ आणि बँक खातं त्यावरच चालतं. पॅन नसेल तर अर्ज आजच करा. ड्राइव्हच्या आठवड्यात केलेला अर्ज वेळेवर हातात पडेलच असं नाही.

नोंदणी करून न जाणं बऱ्याच कॉलेजांत गैरहजेरी धरतात आणि पुढच्या ड्राइव्हमधून नाव काढतात. जायचं नसेल तर लिंक बंद होण्याआधी लेखी कळवा. आणि पैसे कुणी मागितले, नोंदणी शुल्क म्हणा की ट्रेनिंगची अनामत, तर भरण्याआधी तो मेसेज प्लेसमेंट सेलला दाखवा.

## ३. कागदपत्रं : मूळ प्रती आधी कुठे आहेत ते शोधा

"मूळ गुणपत्रिका सोबत आणा" हे वाचून अनेकांना तेव्हाच आठवतं की मूळ कागद प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला जमा केले होते. ते अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत. अर्जावर सही, मग कपाट उघडणारा कर्मचारी जागेवर असणं, यात सहज दोन-तीन दिवस जातात. नोटीस आली त्याच दिवशी अर्ज द्या आणि त्यावर नोटिशीची प्रत जोडा. अगदीच मिळाले नाहीत तर "मूळ कागदपत्रे संस्थेकडे जमा आहेत" असं पत्र लेटरहेडवर घ्या. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात. त्या उतरवून ठेवायला हरकत नाही, पण त्या चालतील का हे आधीच विचारून घ्या.

फाईल या क्रमाने लावा. टेबलावरचा माणूस याच क्रमाने बघत जातो :

- उमेदवार क्रमांकाची प्रिंट
- कॉलेज ओळखपत्र, आणि पूल असेल तर कॉलेजचं बोनाफाइड किंवा शिफारसपत्र
- रेझ्युमे, ३ ऐवजी ५ प्रती
- दहावीची, बारावीची किंवा डिप्लोमाची गुणपत्रिका
- पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका क्रमाने, आणि ताज्या निकालाची ऑनलाइन प्रिंट
- आधार, पॅन
- खंड असेल तर त्याचं प्रमाणपत्र किंवा शपथपत्र
- फोटो, ४ ऐवजी ६, मागे नाव आणि कॉलेज लिहिलेले

मूळ कागद एका फोल्डरमध्ये आणि झेरॉक्सचा संच दुसऱ्यात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवले की घाईत मूळ गुणपत्रिका त्यांच्या गठ्ठ्यात जाते. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर सही आणि तारीख घरीच करा. सही कोऱ्या जागेत करा, आसन क्रमांक किंवा गुण झाकले जाऊ नयेत. मूळ कागद बघून परत द्यायचे असतात. कुणी ठेवून घेतो म्हटलं तर आपल्या कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला बोलवा.

गुणपत्रिकांना लॅमिनेशन करू नका. पुढे कुठे शिक्का मारायचा झाला तर अडतं. रेझ्युमेवरचे आकडे आणि फॉर्ममधले आकडे एकच आहेत ना, हे आदल्या रात्री एकदा मिळवून बघा. आपल्या विद्यार्थिनीने फॉर्ममध्ये ६१.५ लिहिले आणि जुन्या रेझ्युमेवर ६९ राहिले, तर मुलाखतीचा पहिला प्रश्न तोच येईल.

## ४. रिपोर्टिंगची वेळ : साडेआठ म्हणजे आठ

साडेआठ ही सभागृहात हजेरीवर सही करण्याची वेळ आहे, कॉलेजच्या गेटवर पोहोचण्याची नाही. गेटवर नोंद, गाडीची पार्किंग, सभागृह शोधणं आणि शेकडो जणांची रांग यात अर्धा तास जातो. माहिती सांगणारी मंडळी आली की दार लावतात, कारण पात्रतेच्या अटी आणि कामाचं ठिकाण तिथेच सांगितलं जातं आणि ते ऐकल्याची सही घ्यायची असते.

म्हणून वेळ उलटी मोजा. कामठीहून हिंगणा रोडला जायचं आहे. आठला गेट धरलं, तर लोकमान्य नगर स्टेशनवर ७:३० ला उतरायला हवं, कारण तिथून पुढे ऑटो पकडायचा आहे. सीताबर्डीला ॲक्वा लाईनसाठी ६:५५ ची वेळ धरा. ऑरेंज लाईनवरून उतरून फलाट बदलायला दहा मिनिटं ठेवा, दोन्ही लाईन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. म्हणजे ऑटोमोटिव्ह चौकातून साधारण ६:२० ला निघायचं आणि कामठीचं घर ५:५० ला सोडायचं. हे मेट्रोच्या वेळापत्रकाचे आकडे नाहीत. प्रत्येक टप्प्यावर थोडा जास्तीचा वेळ धरून काढलेले आहेत. आदल्या रात्री मेट्रोच्या ॲपवर पहिली गाडी कधी आहे ते बघा. ती जुळत नसेल तर बाबांना किंवा भावाला सीताबर्डीपर्यंत सोडायला सांगा, किंवा हिंगणा रोडकडच्या मैत्रिणीकडे आदल्या रात्री मुक्काम करा. उमरेड, काटोल, सावनेरहून येणाऱ्यांनी पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नये, मुक्कामच बरा.

परतीचा हिशेब कुणी करत नाही, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. समजा ३०० जण ॲप्टिट्यूडला बसले आणि ६० निवडले गेले. मुलाखतीला ४ पॅनेल आहेत, म्हणजे एका पॅनेलकडे १५ जण. एकाला २० मिनिटं धरली तरी ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास होतात. दुपारी दीडला सुरू झालं तर शेवटचा उमेदवार साडेसहाला बाहेर येईल, आणि एचआरची फेरी त्यानंतर. आडनाव वर्णमालेत शेवटी असेल तर रात्री आठ धरूनच चाला. परतीची गाडी आधी ठरवा, घरी सांगून ठेवा. हॉस्टेलवाल्या मुलींनी उशिरा येण्याची परवानगी सकाळी निघतानाच लेखी घ्यावी. संध्याकाळी वॉर्डनचा फोन लागत नाही आणि लक्ष मुलाखतीवरून उडतं.

डबा आणि पाण्याची बाटली सोबत हवीच. तीनशे जण एकदम सुटले की कॅन्टीनला रांग लागते, आणि नाव पुकारलं तेव्हा तुम्ही रांगेत असाल तर पुढचा नंबर घेतात.

## ५. पोशाख : "फॉर्मल" म्हणजे नेमकं काय

नोटिशीत एक शब्द असतो, त्याचा विस्तार असा.

मुलांसाठी पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट, पांढरा किंवा फिकट निळा, आणि गडद पँट. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे, मोजे गडद आणि इतके लांब की खुर्चीवर बसल्यावर पाय उघडा दिसू नये. जीन्स, कार्गो, स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, काळे स्पोर्ट्स शूजसुद्धा नाहीत. फिकट शर्टाखाली बनियन घाला. नागपूरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उन्हात रांगेत उभं राहिल्यावर त्याची गरज कळते. ब्लेझर आणि टाय नोटिशीत लिहिलं असेल तरच. मित्राचा मापात न बसणारा ब्लेझर घालून दिवसभर अवघडण्यापेक्षा नीट इस्त्रीचा शर्ट चांगला दिसतो.

मुलींसाठी साधा सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पँट, दोन्ही तितकेच चालतात. ओढणी पिन लावून पक्की करा, नाहीतर लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत हात तिच्याकडेच जातो. साडीची गरज नाही. चप्पल-सँडल सपाट आणि पुढून बंद असलेली बरी, कारण दिवसातला मोठा वेळ उभं राहण्यात आणि इमारती बदलण्यात जातो. आवाज करणाऱ्या बांगड्या आणि पैंजण त्या दिवशी घरी ठेवा.

काही कॉलेजांत कॅम्पससाठी ठरावीक गणवेश आहे. तो असेल तर नोटिशीतल्या "फॉर्मल"पेक्षा तुमच्या कॉलेजचा नियम आधी.

बूट नवीन घ्यायचे असतील तर आठवडाभर आधी घ्या आणि रोज थोडा वेळ घाला. नवीन बूट त्याच दिवशी घातला की दुपारपर्यंत टाच सोलते. जुलै ते सप्टेंबरमधल्या ड्राइव्हला रेनकोट आणि रबरी चप्पल घालून निघा, बूट-मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि कॉलेजात पोहोचून बदला. कागदपत्रांची फाईलही वेगळ्या प्लास्टिकमध्ये हवी, बॅग वॉटरप्रूफ आहे या विश्वासावर नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघताना स्वेटर लागतोच, पण तो साधा असू द्या आणि आत जाण्याआधी काढून बॅगेत टाका.

## ६. त्या दिवशी आत गेल्यावर

हजेरीवर दोनदा सही असते, एकदा पूल घेणाऱ्या कॉलेजची आणि एकदा आपल्या कोऑर्डिनेटरची. दुसरी राहिली की आपल्या कॉलेजात तुम्ही गैरहजर ठरता. लॅबमध्ये बसल्यावर स्क्रीनवर आपलंच नाव आणि शाखा आहे का ते बघा, मगच सुरू करा. मशीन मध्येच बंद पडलं तर दुसरीकडे स्वतःहून लॉगिन करू नका. एकाच क्रमांकाचं दुसरं लॉगिन कॉपीचा प्रकार म्हणून नोंदलं जाऊ शकतं. हात वर करा, पर्यवेक्षकाला वेळ लिहून घ्यायला सांगा.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात बाहेर फिरायला जाऊ नका. याद्या भिंतीवर लागतात किंवा कोऑर्डिनेटर मोठ्याने वाचतात, आणि ग्रुपवर मेसेज पडेपर्यंत पॅनेलने नाव पुढे ढकललेलं असतं. निवड झाली नाही तरी न सांगता निघू नका, बाहेर जाताना कोऑर्डिनेटरकडे नोंद करा.

निघण्याआधी मूळ गुणपत्रिका मोजा. स्टुडंट सेक्शनकडून तात्पुरत्या घेतल्या असतील तर दुसऱ्या दिवशी परत जमा करा आणि त्याची पोच घ्या, म्हणजे पुढच्या नोटिशीच्या वेळी त्या मागायला अडचण येत नाही.